दीड हजार रोखले, व्याज लागलं सोळाशेच्या वर

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये चुकीची नोंद सापडली की बहुतेक जण एकच करतात: तेवढी रक्कम वजा करून बाकीचं बिल भरतात. ‘जे माझं नाही ते मी का भरू?’ हा विचार चुकीचा नाही, पण कार्डाचा हिशेब त्या विचाराने चालत नाही. खाली एका कार्डधारकाच्या तीन स्टेटमेंटचा हिशेब देतो आहोत. त्याला आधी एका विक्रेत्याने फसवलं आणि मग त्याच्याच उपायाने त्याचं आणखी नुकसान केलं.

सुरुवात झाली डिसेंबरमध्ये, मोफत चाचणीच्या जाहिरातीपासून. एका ॲपसाठी कार्ड नंबर दिला, ‘पडताळणी’ म्हणून किरकोळ रक्कम कापली गेली आणि जानेवारीपासून दर महिन्याच्या १० तारखेला १,४५०च्या आसपास रक्कम जाऊ लागली. ती पाच महिने लक्षात आली नाही. याची कारणं स्टेटमेंटवरच होती. नोंदीत ॲपचं नाव नव्हतं, पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचं आखूड, अनोळखी नाव होतं. व्यवहार परकीय चलनातला होता, त्यामुळे विनिमय दराप्रमाणे रक्कम दर महिन्याला थोडी बदलत होती. ‘दर महिन्याला तीच रक्कम’ शोधणाऱ्या नजरेतून ती निसटली.

खरा सुगावा वेगळ्या ओळीत होता. मे महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये १,४४९ची नोंद होती आणि बरंच खाली, शुल्कांच्या जागी, ५१ची ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ अशी नोंद होती. ५१ म्हणजे १,४४९चे साडेतीन टक्के. परदेशी व्यवहार केलाच नसेल तर ही ओळ असायलाच नको. म्हणून वाचायला बसताना खरेद्यांपासून सुरुवात करू नका. आधी फक्त शुल्क आणि व्याजाच्या ओळी घ्या आणि प्रत्येक ओळ कोणत्या व्यवहारामुळे आली ते शोधा. ज्या शुल्काला आईबाप सापडत नाही, तिथे पेन्सिलीने खूण करा. मग खरेद्या तपासा, त्याही व्यवहाराच्या तारखेने. नोंद होण्याची तारीख एक-दोन दिवस पुढची असू शकते, म्हणून ती धरून एसएमएस जुळवायला गेलात तर बरोबर नोंदीसुद्धा चुकीच्या वाटतात.

आता मेचं बिल. स्टेटमेंट १५ मेचं, भरण्याची शेवटची तारीख ४ जून. त्यात २० एप्रिलची ३०,०००ची खरेदी, ५ मेची ८,५००ची आणि १० मेचे हे वादातले १,४४९ आणि ५१ मिळून १,५००. एकूण ४०,०००. कार्डधारकाने ग्राहक सेवेला फोन केला, ‘बघतो’ असं उत्तर मिळालं, आणि त्याने ४ जूनला ३८,५०० भरले. किमान देय रकमेपेक्षा हे कितीतरी जास्त होतं, त्यामुळे विलंब शुल्क लागलं नाही. विलंब शुल्काची ओळ नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा त्याचा समज झाला.

१५ जूनच्या स्टेटमेंटमध्ये व्याज आलं १,७९०. ते कसं, हे पाहा. बिनव्याजी मुदत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. थोडी बाकी राहिली तरी अनेक बँका ती मुदत मागे घेतात आणि प्रत्येक खरेदीवर तिच्या तारखेपासून व्याज धरतात. या कार्डाचा व्याजदर महिन्याला ३ टक्के, म्हणजे वर्षाला ३६. हिशेब असा: रक्कम × दिवस × ३६ ÷ ३६,५००.

३०,०००वर २० एप्रिल ते ४ जून, ४५ दिवसांचे १,३३१.५०. ८,५००वर ३० दिवसांचे २५१.५०. रोखलेल्या १,५००वर १० मे ते १५ जून, ३६ दिवसांचे ५३. हे झाले १,६३६. शिवाय २० मे रोजी घेतलेल्या ६,०००च्या वस्तूवर पहिल्या दिवसापासून, २६ दिवसांचे १५४. वादातल्या रकमेचं स्वतःचं व्याज फक्त ५३ होतं. बाकी सगळं त्या खरेद्यांवर लागलं, ज्यांचे पैसे एक तर वेळेत भरले होते किंवा भरायची वेळही आली नव्हती.

ही पद्धत सगळीकडे सारखी नाही. काही ठिकाणी व्याज फक्त उरलेल्या रकमेवर धरतात. काही देशांत लेखी तक्रार नोंदवल्यावर तपास संपेपर्यंत वादातली रक्कम रोखण्याचा हक्क आहे. पण फोनवरचं बोलणं म्हणजे लेखी तक्रार नव्हे. तुमच्या कार्डाच्या अटींमध्ये असा हक्क स्पष्ट दिसत नसेल तर पूर्ण ४०,००० भरा आणि तक्रार वेगळी चालवा. आलेले पैसे पुढच्या बिलात जमा दिसतील.

तक्रार करताना प्रकार नीट निवडा. इथे कार्ड नंबर कार्डधारकाने स्वतः दिला होता. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं लिहिलं, तर विक्रेता सुरुवातीच्या नोंदणीचा पुरावा दाखवतो आणि तक्रार फेटाळली जाते. ‘सदस्यत्व रद्द केलं, तरी पैसे कापले’ किंवा ‘अटी सांगितल्या नव्हत्या’ असा खरा प्रकार लिहा. त्याआधी सदस्यत्व लेखी रद्द करा आणि त्या ईमेलची प्रत जोडा. मुदतही पाहा: व्हिसा, मास्टरकार्डसारख्या कार्ड नेटवर्कच्या नियमांत बऱ्याच प्रकारांना साधारण १२० दिवस मिळतात, बँकेची स्वतःची मुदत कमी असू शकते. मे अखेरीस तक्रार केल्यामुळे जानेवारीची नोंद हातची गेली.

कार्ड बदललं की कपात थांबेल, यावरही विसंबू नका. नवा नंबर नोंदणीकृत विक्रेत्यांपर्यंत आपोआप पोहोचवणारी सेवा कार्ड नेटवर्क चालवतात. बँकेकडची स्वयंचलित कपातीची परवानगी रद्द करून घ्या आणि पुढच्या १० तारखेची नोंद बघा.

कार्डधारकाने ४ जुलैला जूनचं पूर्ण बिल, ९,२९०, भरलं. तरी जुलैच्या स्टेटमेंटमध्ये १४१ व्याज होतंच. रोखलेले १,५०० आणि वस्तूचे ६,००० मिळून ७,५००, त्यावरचं १५ जून ते ४ जुलै या १९ दिवसांचं ते मागचं व्याज. ही ओळ चूक नसते. पूर्ण भरणा चालू ठेवला की ती त्यानंतरच्या स्टेटमेंटमधून जायला हवी. ऑगस्टमध्येही दिसली, तर मात्र विचारा.

त्याच जुलैच्या स्टेटमेंटमध्ये विक्रेत्याकडून परत आलेली रक्कम जमा झाली. पण फक्त मूळ रक्कम. मार्कअपचे ५१ आणि व्याजाचे ५३ परत आले नव्हते. ती वेगळी नोंद असल्याने तिची मागणीही वेगळी करावी लागते: तारीख, मूळ व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि ‘मूळ व्यवहार उलटवला आहे, त्यावर लागलेलं शुल्क व व्याजही उलटवावं’ असं एक वाक्य पुरतं. तपास चालू असताना बँकेने तात्पुरती रक्कम जमा केली असेल, तर पुढची काही स्टेटमेंटं नजरेखालून घाला. तक्रार फेटाळली गेली की तीच रक्कम पुन्हा नावे टाकली जाते आणि ती ओळही तितक्याच अनोळखी नावाने येऊ शकते.