एक्सप्रेस कुरिअरचे जास्तीचे पैसे: आठ महिन्यांचा हिशेब

मी कोथरूडमध्ये घरून ब्लाऊज शिवते. आरी वर्कचं काम जास्त, त्यामुळे गिऱ्हाईकं पुण्याबाहेरचीही बरीच आहेत. नेहमीचं म्हणणं एकच असतं: "ताई, लग्न आहे, वेळेत पोचलं पाहिजे." म्हणून गेल्या आठ महिन्यांपासून मी साध्या कुरिअरऐवजी एका कंपनीची एक्सप्रेस सेवा वापरते आहे. प्रत्येक पार्सलची बुकिंगची वेळ, पोचल्याची वेळ आणि मोजलेले पैसे वहीत लिहून ठेवले. त्यावरून हे लिहिते आहे.

सर्वात आधी, हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे असतात? लांबच्या गावाला माल रस्त्याऐवजी विमानाने जातो आणि हबमध्ये, म्हणजे सगळी पाकिटं जमा होऊन पुढे गावोगावी वाटली जातात त्या केंद्रात, आपलं पाकीट आधी उचललं जातं, त्याचे. पुण्याहून मुंबई, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात मात्र विमानाचा प्रश्नच येत नाही. संध्याकाळी गाडी भरते, रात्रभर चालते, सकाळी उतरते. माझी साधी आणि एक्सप्रेस पाकिटं एकाच टेम्पोत चढताना मी शाखेत उभी राहून पाहिली आहेत. वहीतही तेच दिसतं: नाशिकला साधं पाकीट दुसऱ्या दिवशी पोचलं, तिप्पट पैशांचं एक्सप्रेसही दुसऱ्याच दिवशी. या गावांसाठी मी एक्सप्रेस पूर्ण बंद केलं. नागपूर, बंगळूर, दिल्लीला फरक खरा आहे. साध्याला चार-पाच दिवस लागतात, एक्सप्रेस दोन दिवसांत जातं.

पैसे आणखी एका जागी जातात आणि ते लवकर लक्षात येत नाही. ब्लाऊज चुरगळू नये म्हणून मी तो खोक्यात घालत असे. माझा खोका ३५ बाय ३० बाय १२ सेंटीमीटरचा. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची गुणून ५०००ने भागतात आणि येणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच लावतात. माझ्या ६०० ग्रॅमच्या ब्लाऊजचं वजन असं अडीच किलोच्या वर जायचं आणि बिल तीन किलोचं यायचं. आता दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून पिशवीत घालते. उंची चार सेंटीमीटर राहते, बिल एक किलोचं येतं. एक्सप्रेसचा दर चढा असल्यामुळे इथे वाचणारी रक्कम मोठी आहे.

आता उशिराची गोष्ट. नागपूरच्या एका मुलीचं लग्न शनिवारी सकाळी होतं. शालूवरचा ब्लाऊज मी बुधवारी संध्याकाळी पावणेसातला शाखेत दिला. पावतीवर बुधवारची तारीख पडली, "शुक्रवारी पोचेल" असं सांगितलं, मी निर्धास्त घरी आले. मला माहीत नव्हतं की त्या शाखेतून हबला जाणारी शेवटची गाडी साडेपाचला निघते. माझं पाकीट गुरुवारी संध्याकाळपर्यंत शाखेतच पडून होतं. कंपनीची मुदत पाकीट हबमध्ये स्कॅन झाल्यावर सुरू होते, आपण हातात दिल्यावर नाही. ट्रॅकिंगवर "बुक झालं" आणि "हबमध्ये आलं" या दोन ओळींत रात्र उलटली असेल, तर एक दिवस गेला असं धरायचं. हे मला आता कळतं.

तरीही शुक्रवारी पाकीट नागपुरात होतं. सकाळी अकराला "डिलिव्हरीसाठी निघालं" असं दिसलं. संध्याकाळी पाचला शेरा आला: "घर बंद". लग्नघर बंद! दारात मांडव, आत पन्नास माणसं. मुलीच्या आईला एकही फोन आलेला नव्हता. मी रात्री नऊपर्यंत कस्टमर केअरला फोन करत राहिले. ब्लाऊज शनिवारी दुपारी अडीचला पोचला. मुहूर्त सकाळी अकरा चाळीसचा होता. मुलगी मावशीच्या ब्लाऊजवर उभी राहिली. तो ब्लाऊज मी बारा दिवस शिवला होता. त्या आईचा फोन घेताना मला बोलताच आलं नाही.

भरपाईचं काय झालं तेही सांगते. कंपनीने आधी सांगितलं की घर बंद होतं, म्हणून उशीर आमचा नाही. मी लेखी तक्रार दिली आणि दोनच गोष्टी मागितल्या: त्या दिवशी केलेल्या कॉलची नोंद आणि डिलिव्हरी बॉयने शेरा मारला तेव्हाचं ठिकाण. दोन्ही त्यांना देता आलं नाही. एकोणीस दिवसांनी कुरिअरचे पैसे परत आले, तेवढेच. मी गिऱ्हाइकाला परत केलेली शिलाई आणि वर्कची रक्कम त्याच्या कितीतरी पट होती. ती मागितल्यावर त्यांनी पावतीच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवलं. बारीक अक्षरात छापलं होतं की उशिरामुळे झालेल्या नुकसानाची जबाबदारी कंपनीची नाही.

हे छापील कलम किरकोळ समजू नका. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हाच मुद्दा पाहिला. १९९० मध्ये जर्मनीला पाठवलेल्या उन्हाळी कपड्यांची कागदपत्रं कुरिअरने पोचवली नाहीत, हंगाम निघून गेला, माल कमी भावात द्यावा लागला. मागणी चार लाखांच्या वर होती, मिळाले १०० डॉलर, कारण सही केलेल्या पावतीवर तीच मर्यादा छापलेली होती. स्पीड पोस्टचा नियमही या बाबतीत वेगळा नाही: ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर भरलेलं शुल्क परत मिळतं, उशिरामुळे झालेलं नुकसान भरून मिळत नाही.

तक्रार मात्र सोडू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. त्यावर नोंद केल्यावरच माझी फाईल हलली. "तुम्ही धंद्यासाठी पाठवता, म्हणून तुम्ही ग्राहक नाही," असंही मला सांगण्यात आलं. ते इतकं सरळ नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरलेली नाही, पण त्या ओळीत सेवेचा उल्लेख नाही. त्यामुळे कुरिअरच्या बाबतीत माझ्यासारखी घरी शिवणारी बाई त्यात बसेलच, असं खात्रीने सांगता येत नाही.

पुण्यातल्या पुण्यात मी ॲपवरून दुचाकीवाला बोलावते आणि ते पैसे मला कधीच जड वाटत नाहीत. एकच माणूस माझ्या दारातून घेतो आणि खराडीला दारात देतो. मध्ये हब नाही, स्कॅन नाही, गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं. उशीर होतो तो ट्रॅफिकचा, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचा. "सेम डे" या शब्दाला माझ्या अनुभवात इथेच अर्थ आहे.

नागपूरला खरोखर उद्या सकाळी हवं असेल, तर आता मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पाकीट देते. संध्याकाळी निघतं, सकाळी पोचतं. बिल्टी, म्हणजे माल दिल्याची पावती, लिहून घ्यावी लागते, आणि समोरच्याला थांब्यावर जाऊन पाकीट घ्यावं लागतं. हे गिऱ्हाइकाला आधीच विचारते. लग्नघरातून एखादा भाचा पाठवायला कुणी नाही म्हणत नाही.

बाकी लांबच्या गावांसाठी एक्सप्रेस चालूच आहे, पण पाकीट दुपारी तीनच्या आत देते आणि रविवार मुदतीत धरत नाही. पावतीवर घरातल्या दोन माणसांचे नंबर लिहिते. ऑर्डर घेताना तारीख लग्नाची लिहून घेत नाही, त्याच्या पाच दिवस आधीची लिहिते. ती जमत नसेल तर ऑर्डर घेत नाही. त्या मुलीच्या धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिच्या आईने परत मलाच काम दिलंय. तो ब्लाऊज मी दहा दिवस आधी पाठवणार आहे, साध्या कुरिअरने.