लॅमिनेट, विनाइल की लाकूड? निवड करताना भिंतीजवळची फट आधी बघा

फ्लोअरिंग निवडताना रंग, टिकाऊपणा आणि पाण्याचा धोका बहुतेक जण बघतात. कोणती फरशी किती फुगते आणि त्यासाठी भिंतीजवळ किती जागा सोडावी लागेल, हे मात्र काम संपल्यावर कळतं. माझ्या मते निवड याच मुद्द्यावरून सुरू करावी, कारण तिन्ही प्रकार वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या दिशांनी हलतात.

लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या बारीक तंतूंचा, दाबून घट्ट केलेला असतो. हवेतला दमटपणा शोषून तो लांबी-रुंदी दोन्हीकडे थोडाथोडा वाढतो. फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, पण खालच्या तळाला चिकटवलेल्या नसतात, त्यामुळे सगळी खोली एकाच मोठ्या पत्र्यासारखी सरकते. म्हणून चारही बाजूंना साधारण 8 ते 12 मिमी फट लागते. जमिनीच्या दर मीटरमागे प्रत्येक भिंतीशी दीड मिमी, असा ढोबळ हिशेब धरतात. 5 मीटरच्या खोलीत तो साडेसात मिमी येतो, तरी व्यवहारात 10 सोडलेली बरी. सलग लांबी 8-10 मीटरच्या पुढे जात असेल तर मध्ये टी-प्रोफाइलची पट्टी टाकून फरशी तोडावी लागते. नेमका आकडा पाकिटावरच्या सूचनेत असतो आणि तोच पाळावा.

आता एक उदाहरण घेऊ. 5 बाय 4 मीटरच्या खोलीत लॅमिनेट टाकलं, चारही भिंतींशी 10 मिमी फट ठेवली, पण दाराच्या लाकडी चौकटीशी फळी घट्ट कापून बसवली, कारण तिथे फट दिसली असती. दमट दिवस आले की फरशी तिन्ही बाजूंना सरकू शकते, चौकटीपाशी मात्र अडते. मग दारापासून हातभर आत एखादा सांधा वर उचलला जातो. त्यावर पाय दिला की तो खाली बसतो आणि काढला की पुन्हा वर येतो. ही अडकलेल्या फरशीची खूण. सांध्याच्या कडा फुगल्या आहेत पण दाबून अजिबात खाली जात नाहीत, असं असेल तर तिथे पाणी मुरलंय. ती फळी बदलावीच लागते. अडकलेली फरशी मात्र वाचते: स्कर्टिंग काढून चौकटीपाशी, पाइपाभोवती, कोपऱ्यात कुठे टेकतेय ते शोधायचं आणि तेवढाच भाग मल्टिटूलने कापायचा. कडा चेपून गेल्या नसतील तर काही दिवसांत ती आपोआप सपाट होते. मुळातच चौकटीचा तळ फळीच्या जाडीइतका कापून फळी तिच्याखाली सरकवली असती, तर फटही राहिली असती आणि दिसलीही नसती.

फट सोडूनही ती बुजवणारे बरेच असतात. स्कर्टिंगचे खिळे भिंतीत न मारता फळीत मारणं, फटीत सिमेंट किंवा पुट्टी भरणं, फरशीवर स्वयंपाकघराचा जड ओटा किंवा भिंतीला स्क्रू केलेलं कपाट बसवणं, या सगळ्याचा परिणाम एकच, फरशी जखडते. जड कपाटं आधी बसवावीत आणि फरशी त्यांच्यापर्यंत आणावी.

विनाइलला दमटपणाचं काही वाटत नाही; त्याला उन्हाचं वाटतं. क्लिकवालं, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवायचं विनाइल मोठ्या काचेच्या दारासमोर तापलं की पसरतं. त्याला साधारण 5-6 मिमी फट पुरते, पण ‘पाणी लागत नाही, मग फट कशाला’ म्हणून हीच फट बऱ्याचदा गाळली जाते. चिकटवायचं विनाइल तळाला धरून राहतं आणि त्याला नाममात्र फट पुरते. मात्र तळ कोरडा आणि अगदी सपाट हवा, नाहीतर प्रत्येक उंचवटा वर दिसतो.

अस्सल लाकडाची फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. त्यामुळे फळ्यांना समांतर असलेल्या दोन भिंतींशी फट मोठी हवी, साधारण 10 ते 15 मिमी, आणि रुंद खोलीत त्याहून जास्त. थर चिकटवून केलेलं इंजिनिअर्ड लाकूड कमी हलतं, पण फट त्यालाही लागते.

खोल्या लहान असतील, दारांत पट्ट्या चालत असतील, तर लॅमिनेट घ्या. मोठा, उन्हाचा, अनेक दारांचा सलग हॉल पट्टीशिवाय हवा असेल, तर मी चिकटवलेलं विनाइल निवडेन. लाकडाचा मोह असेल तर इंजिनिअर्ड. आणि कोणतंही घेतलं तरी स्कर्टिंग आधीच ठरवा: 10 मिमीची फट झाकायला किमान 12-15 मिमी जाडीचं लागतं, नाहीतर कारागीर फटच कमी करतो.