तीन तासांच्या लेक्चरमधली नेमकी दोन मिनिटं: चॅप्टर की ट्रान्सक्रिप्ट?

ऑफिसातला एक धाकटा सहकारी सध्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या परीक्षेची तयारी करतोय. परवा डबा खाताना त्यानं विचारलं, "दादा, व्हिडिओला चॅप्टर दिलेले हायत की, मग ते ट्रान्सक्रिप्ट उघडून वाचत कशाला बसायचं?" प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो. आज मात्र लेक्चर लावलं की आधी ट्रान्सक्रिप्ट उघडतो. ते कसं झालं, तेवढं सांगतो. तुम्ही तुमच्या अभ्यासाला लावून बघा.

यूट्यूबवरच्या रिविजन लेक्चरबद्दल हे आहे. तीन-साडेतीन तासांचं, हिंदी-इंग्रजी मिसळून शिकवलेलं, एका दमात पूर्ण विषय उरकणारं. पूर्ण लेक्चर एकदा बघून झालेलं असतं. महिन्याभरानं गणित सोडवताना एका मुद्द्यावर अडतो आणि तेवढा मुद्दा पुन्हा ऐकायचा असतो. पहिल्यांदा बघतानाचा हा प्रश्नच नाही.

माझा मुद्दा होता क्विक कंडिशनचा. सॉइल मेकॅनिक्समध्ये, म्हणजे मातीच्या अभ्यासात, पाणी खालून वर झिरपायला लागलं की ते वाळूच्या कणांना वर ढकलतं. कणांचं पाण्यातलं वजन आणि हा धक्का सारखे झाले की इफेक्टिव्ह स्ट्रेस, म्हणजे कणांचा एकमेकांवरचा दाब, शून्य होतो आणि वाळू भार पेलेनाशी होते. ज्या हायड्रॉलिक ग्रेडियंटला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या ज्या उताराला, हे घडतं त्याला क्रिटिकल ग्रेडियंट म्हणतात आणि त्याचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं:

```
ic = (G - 1) / (1 + e)
```

G म्हणजे कणांची विशिष्ट घनता आणि e म्हणजे पोकळ्यांचं कणांशी प्रमाण. G २.६५ आणि e ०.६५ धरला की उत्तर बरोबर १ येतं. हे जमत होतं. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी: बारीक वाळूत हे होतं, मग चिकणमातीत का होत नाही? आपल्याकडं जायकवाडीपासून गावच्या पाझर तलावापर्यंत सगळे बांध मातीचे. त्यामुळं हा प्रश्न परीक्षेपुरता ठेवावासा वाटेना. सरांनी ते कारण कुठंतरी सांगितलं होतं, एवढं पक्कं आठवत होतं. कुठं, ते आठवत नव्हतं.

लेक्चर होतं ३ तास २० मिनिटांचं. चॅप्टर नऊ. त्यातला 'सीपेज', म्हणजे पाणी झिरपण्याचा, हा १:१२:४० ला सुरू होऊन २:०६:१० ला संपत होता, म्हणजे साडेत्रेपन्न मिनिटं. क्विक कंडिशन सीपेजमध्येच येणार, म्हणून मी त्यात शिरलो.

त्या दिवसांत मी शनिवार-रविवार परभणीहून गावी जात असे. जिंतूरच्या पुढं घरात रेंज एक कांडी, अंगणात दोन. तिथं व्हिडिओ पुढं सरकवला की गोल चक्र फिरत राहतं. पण कमी रेंजचा त्रास सोसता येतो. मला खरोखर कंटाळा आणला तो त्यानंतरच्या गोष्टीनं. चक्र थांबतं, फळा दिसतो, फळ्यावर अर्धं सोडवलेलं गणित असतं आणि सर म्हणत असतात, "तो यहाँ से ये आ गया." आपल्याला हवा तो मुद्दा होऊन गेला की अजून यायचाय, हे त्या दृश्यावरून कळत नाही. मग अंदाजानं सहा मिनिटं मागं. पुन्हा चक्र. तिथंही फळा भरलेला. मग चार मिनिटं पुढं. रात्री जेवणानंतर बसलो तो पाऊण तास यातच गेला. हाती लागलं ते क्रिटिकल ग्रेडियंटचं सूत्र, जे मला आधीच येत होतं. चिकणमातीचं कारण त्या चॅप्टरमध्ये सापडलं नाही.

चॅप्टर हा विषय कुठं सुरू होतो ते सांगतो. आत शिरल्यावर त्याचा काही आधार राहत नाही. व्हिडिओ टाकणाऱ्यानं डिस्क्रिप्शनमध्ये 0:00 पासून वेळा आणि नावं लिहिलेली असतात, त्यावरूनच ते भाग पडतात. काही वेळा यूट्यूब स्वतःही पाडतं. लिहिणाऱ्यानं साडेत्रेपन्न मिनिटांना एकच नाव दिलं असेल, तर आपल्याला तेवढंच मिळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रान्सक्रिप्ट उघडलं. लॅपटॉपवर डिस्क्रिप्शन पूर्ण उघडलं की तळाशी `Show transcript` असतं. बाजूला वेळेसकट ओळींची यादी येते. Ctrl+F दाबून मी "क्विक कंडीशन" टाइप केलं. एकही ओळ सापडली नाही. इथं बरेच जण ट्रान्सक्रिप्ट बंद करतात, म्हणून जरा थांबतो.

हिंदीत चाललेल्या लेक्चरचं ट्रान्सक्रिप्ट आपोआप देवनागरीत तयार झालेलं असतं आणि इंग्रजी शब्दही देवनागरीतच उतरतात. पण एकाच शब्दाची तऱ्हा ठरलेली नसते. 'कंडीशन' एकदा दीर्घ, एकदा ऱ्हस्व. 'सैंड' कुठं 'सेंड' होतं. शिवाय प्रत्येक ओळ पाच-सात शब्दांची. एका ओळीच्या शेवटी 'क्विक' आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला 'कंडीशन' असं पडलं, तर दोन्ही शब्द मिळून शोधणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून एकच शब्द टाकायचा. तोही असा, की जो वेगळ्या पद्धतीनं लिहिला जाण्याची शक्यता कमी. परदेशी माणसाचं नाव शोधायला जाऊ नये. सॉइल मेकॅनिक्सचा पाया घालणाऱ्या टर्झागीचं नाव माझ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये तीन ठिकाणी तीन प्रकारे होतं, आणि एकही ओळखू येण्यासारखं नव्हतं.

नुसतं 'क्विक' टाकलं तेव्हा १७ जागा मिळाल्या. त्या सगळ्या कामाच्या नव्हत्या. पहिल्या तीन सुरुवातीच्याच: "एक क्विक रिविजन कर लेते हैं". एक-दोन मध्येच "क्विकली देख लो". हे चटकन वगळता येतं, कारण समोर वाक्य दिसतं. उरलेल्यांमध्ये दोन ठिकाणी गर्दी होती. १:४१ ते १:४८ च्या दरम्यान आठ, आणि अगदी शेवटी ३:०२ ला चार. शब्द एकटादुकटा आला तर सरांनी नुसता उल्लेख केलेला असतो. तोच शब्द पाच मिनिटांत सात-आठ वेळा आला, तर तिथं ते शिकवत असतात. मी आता आकडा बघतच नाही, गर्दी बघतो.

शेवटच्या चार ओळींवर गेलो. तो चॅप्टर होता 'डाउट सेशन'. कुणीतरी विचारलं होतं आणि सरांनी दीड मिनिटात सांगून टाकलं होतं: चिकणमातीत कोहेजन, म्हणजे कणांचा आपसातला चिकटपणा, असतो, त्यामुळं इफेक्टिव्ह स्ट्रेस शून्य झाला तरी तिची थोडी ताकद उरते, वाळूची ताकद मात्र पूर्णपणे इफेक्टिव्ह स्ट्रेसवरच उभी असते. जाड खडीचंही त्यांनी सांगितलं. तिच्यातून पाणी इतकं सहज निघून जातं की तेवढा ग्रेडियंट टिकवायला फार मोठा प्रवाह लागेल. म्हणून हा धोका मुख्यतः बारीक वाळूला. हे मी व्हिडिओ न लावता वाचलं, एका कांडीच्या रेंजवर. मग तेवढीच दोन मिनिटं ऐकली.

'सीपेज' चॅप्टरमध्ये मी रात्रभर शोधलं असतं, तरी हे मिळालं नसतं.

ट्रान्सक्रिप्टच्या उणिवाही सांगायलाच हव्यात. सर जे फळ्यावर लिहितात आणि तोंडानं म्हणत नाहीत, ते त्यात येत नाही. "ये अपॉन ये" एवढंच उतरतं, म्हणजे सूत्र शोधायला त्याचा उपयोग नाही. शब्द येतो त्याच्या आधीच बरेचदा आकृती काढायला सुरुवात झालेली असते. शिकवण्याच्या ओघात 'क्विक' पहिल्यांदा १:४१:२४ ला आला, पण वाळूच्या डब्याची आकृती अर्धा मिनिट आधीपासून चालू होती. म्हणून ओळीवर क्लिक केल्यावर मी लेफ्ट ॲरो पाच-सहादा दाबतो, दर वेळी पाच सेकंद मागं जातं. आवाज घुमत असेल किंवा वर्गातले पंखे ऐकू येत असतील, तर ट्रान्सक्रिप्ट इतकं बिघडतं की वाचण्यात अर्थ राहत नाही. काही व्हिडिओंना ते नसतंच.

आणि चॅप्टर काही बाबतीत खरंच सरस आहेत. मुद्द्याला काय म्हणतात हेच माहीत नसेल, तर ट्रान्सक्रिप्टमध्ये शोधणार काय? तिथं नऊ नावं वाचून अंदाज करणंच बरं. पूर्ण प्रकरण सुरुवातीपासून ऐकायचं असेल तरीही चॅप्टरच. शिवाय काही शिकवणारे फार मन लावून चॅप्टर पाडतात, प्रत्येक गणिताला वेगळा, दोन-तीन मिनिटांचा. अशा शिक्षकाचं लेक्चर तुमच्याकडं असेल, तर माझा अर्धा युक्तिवाद गळून पडतो, हे मी मान्य करतो. माझ्या वाट्याला मात्र पन्नास मिनिटांचे चॅप्टरच जास्त आले.

खरं तर दोन्ही एकत्रही वापरता येतात. चॅप्टर असलेल्या व्हिडिओच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये मधेमधे चॅप्टरची नावं शीर्षकासारखी येतात. शब्द सापडला की वर जाऊन कुठल्या चॅप्टरमध्ये आहोत ते बघायचं. 'डाउट सेशन' दिसलं की मी ती जागा आधी उघडतो. मुख्य शिकवण्यात सर पुस्तकाप्रमाणं जातात, शंकांच्या वेळी मात्र कारण सांगतात, असा माझा अनुभव आहे. सगळ्यांच्या बाबतीत तसं असेलच असं नाही.

सापडलेली जागा पुन्हा हरवू नये म्हणून व्हिडिओवर राइट क्लिक करून `Copy video URL at current time` घेतो. लिंकच्या शेवटी सेकंद येतात. १:४१:२४ साठी हे असं दिसतं:

```
t=6084
```

सहकाऱ्याकडं लॅपटॉप नाही, फोनच आहे. ॲपमध्येही डिस्क्रिप्शन उघडून खाली गेलं की ट्रान्सक्रिप्ट मिळतं. शोधायची सोय दिसली नाही, तर ओळी बोटानं सरकवत वाचाव्या लागतात. तरीही ते व्हिडिओ पुढं-मागं करण्यापेक्षा मला परवडतं. त्याला डब्याच्या वेळीच फोनवर ते उघडून दिलं. फ्लो नेटचं एक गणित त्याला हवं होतं. त्यानं ओळी सरकवल्या, एका ठिकाणी थांबला आणि वहीच्या समासात २:२२:१० लिहून घेतलं.