काळी भुकटी की कच्चा बटाटा?

खानापुरात दहावीच्या मुलांना उत्प्रेरक शिकवताना मी दोन बाटल्या शेजारी ठेवते. दोन्हींत औषध दुकानातलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ५० मिलिलिटर. एकीत चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड, दुसरीत बेळगावच्या बाजारातल्या कच्च्या बटाट्याचा कीस. दोन्ही फसफसतात, कारण पेरॉक्साइड फुटून पाणी आणि ऑक्सिजन होतो.

पेरॉक्साइड एरवीही फुटतं, पण फार सावकाश. मध्ये उर्जेचा घाट आहे, जणू चोर्ला. उत्प्रेरक तो घाट खोदत नाही, कमी चढाची दुसरी वाट देतो. बटाट्यातल्या कॅटलेज विकरात लोह असतं. पेरॉक्साइडचा पहिला रेणू त्याला एक ऑक्सिजन देऊन पाणी होतो. दुसरा रेणू त्या ऑक्सिजनला आपले हायड्रोजन देऊन त्याचं पाणी करतो, स्वतः ऑक्सिजन वायू होऊन सुटतो आणि लोह पूर्ववत. लोह कामात भाग घेतं, पण फेरी संपताच मोकळं होतं. म्हणूनच ते खर्च होत नाही. मँगनीजही असंच इलेक्ट्रॉन घेतं आणि परत देतं.

वायू दोन्हीकडे सारखाच, सुमारे अर्धा लिटर. उत्प्रेरकाने वेग वाढतो, उत्पादन नाही.

वर्गासाठी मी भुकटीच निवडते. गाळून, धुऊन, वाळवून तोलली की वजन जवळपास तेवढंच भरतं, आणि मुलांची खात्री पटते. किसाचं तसं तोलता येत नाही. शिवाय बटाटा उकडला की विकराची घडण मोडते आणि बुडबुडे जवळजवळ थांबतात. घरी करून बघायला मात्र बटाटाच बरा.