मोरो आधी की रेदों? प्रतीकवादात शिरण्याच्या दोन वाटा

फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कूर्बेचं म्हणणं सरळ होतं: देवदूत डोळ्यांना दिसला, तर रंगवीन. १८४९ साली त्याने रस्त्याची खडी फोडणारे दोन मजूर रंगवले आणि वास्तववादाची बाजू ठामपणे मांडली. जे दिसत नाही तेच रंगवायचं, असं ठरवणारे पॅरिसमधले दोन चित्रकार पुढे प्रतीकवादाचे आधारस्तंभ मानले गेले. गुस्ताव्ह मोरो (१८२६–१८९८) आणि ओदिलाँ रेदों (१८४०–१९१६). कवी ज्याँ मोरेआसने ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात प्रतीकवादाचा जाहीरनामा छापला तो १८८६ मध्ये. हे दोघं त्याच्या कितीतरी आधीपासून कामाला लागले होते. दोघांचा अभ्यास एकदम सुरू केला की गोंधळ उडतो, म्हणून आधी कोणाला हात घालायचा ते ठरवलेलं बरं.

मोरोची रीत भर घालण्याची. ‘आवश्यक समृद्धी’ हे त्याचं तत्त्वच होतं. त्याचं १८७६ चं ‘द अ‍ॅपरिशन’ हे जलरंगातलं चित्र घ्या. उंची सुमारे १०६ सेंटिमीटर, म्हणजे जलरंगाच्या मानाने अवाढव्य. बायबलच्या कथेतली राजकन्या सालोमे हात पुढे करून उभी आहे आणि तिच्यासमोर तिनेच मागितलेलं संत योहानचं छाटलेलं शिर तेजोवलयासह अधांतरी तरंगतंय, खाली रक्त ठिबकतंय. आता मागची माणसं बघा. राजा, राणी, तलवारवाला मारेकरी, सगळे जागच्या जागी निश्चल. शिर त्यांना दिसतंय असं वाटतच नाही, ते फक्त तिला दिसतंय. स्वप्न इथे दागिन्यांच्या आणि खांबांच्या गर्दीत लपलेलं आहे. चित्र मोबाइलवर पाहिलं की नुसती झगमग उरते आणि नेमकी हीच गोष्ट हातून निसटते.

रेदोंची रीत उलटी, काढून टाकण्याची. १८७८ चं त्याचं कोळशातलं चित्र जेमतेम ४२ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे. एक प्रचंड डोळा बलून होऊन वर चाललाय, टोपलीच्या जागी तबकात डोक्याचा अर्धा भाग, खाली सपाट पाणी आणि थोडं गवत. बस, एवढंच. त्याच साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आंरी जिफारचा दोराने बांधलेला महाकाय बलून लोकांना वर नेऊन शहर दाखवत होता. म्हणजे रेदों यंत्रयुगाकडे पाठ फिरवत नव्हता, त्याचंच यंत्र उचलून त्याचा प्रवासी बदलत होता. मोरोकडे असं काही सापडणार नाही. यंत्रयुगाला त्याचा नकार पुराणकथेत मुक्कामाला गेलेला. (त्याचं ‘अलेक्झांडरचा विजय’ भारतात घडतं, पण मोरो इथे कधी आलाच नव्हता. त्या चित्रातली देवळं आपल्याकडच्या कुठल्याच गावातली वाटत नाहीत.)

हाताने करून शिकणार असाल तर रेदोंच. तपकिरी किंवा फिकट पिवळसर कागद घ्या, पांढराशुभ्र नको. वेलीच्या किंवा विलोच्या कोळशाची पूड कापडाने मधल्या करड्या छटेपर्यंत घासा. मग मळता येणाऱ्या रबराने उजेड बाहेर काढा आणि अगदी शेवटी गडद काळा भरा. बहुतेकांचं इथेच बिघडतं: सुरुवातीलाच दाबलेला, म्हणजे कॉम्प्रेस्ड, कोळसा वापरतात. तो कागदाच्या रंध्रांत बसतो, रबराने उठत नाही आणि चेहऱ्याभोवतीचा धूसर उजेड मळकट डाग होऊन बसतो. कोळसा कागदावर धरून ठेवणारं फिक्सेटिव्ह हातभर अंतरावरून, दोन हलक्या थरांत मारा. एकदम भिजवलं तर करड्या छटा काळवंडून एकमेकींत मिसळतात. रेदों स्वतः राळेचं फिक्सेटिव्ह वापरायचा. त्याच्या कागदांना आलेल्या सोनेरी झाकेत त्या राळेचाही वाटा आहे, त्यामुळे ती झाक रंगाने आणायला जाऊ नका.

पॅरिसला जाणं होणार असेल तर मात्र पारडं फिरतं. मोरोचं राहतं घरच १९०३ पासून संग्रहालय आहे. वरच्या मजल्यांवरच्या मोठ्या कॅनव्हासांशेजारी बिजागरीच्या चौकटींत त्याची रेखाचित्रं लावली आहेत, आणि ती पुस्तकाच्या पानांसारखी उलटून पाहता येतात. अंगठीच्या नक्षीपर्यंतची तयारी तिथे दिसते. ‘द अ‍ॅपरिशन’ची तैलरंगातली आवृत्तीही तिथेच आहे, आणि तिच्या खांबांवर त्याने नंतर काढलेल्या बारीक रेषा जाळीसारख्या पसरल्या आहेत. रेदोंच्या कोळशाचं आणि पेस्टलचं दर्शन असं हमखास होत नाही. कागदाला उजेड सोसत नाही, म्हणून ही कामं आलटूनपालटून भिंतीवर येतात. जाण्याआधी ती ज्या संग्रहालयात आहेत त्याच्या संकेतस्थळावर काय लावलंय ते पाहून घ्या.

पुराणकथा आवडतात आणि गर्दीत तासभर शोधत बसायची तयारी आहे, त्याने मोरो घ्यावा. बाकी सगळ्यांना आम्ही रेदों सुचवू, तोही १८९० नंतरच्या रंगीत फुलांपासून नव्हे, कोळशातल्या काळ्या कामांपासून. फुलं नुसती गोड वाटून राहतात. तो काळोख आधी पाहिलेला असला की त्याच फुलांमागची अस्वस्थता जाणवू लागते.