पाच वेळा ‘निवारण’ झालेली तक्रार: फायबरचा नऊ महिन्यांचा अनुभव

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याकडे कोथरूडमध्ये शंभर एमबीपीएसचं फायबर आहे त्यांच्या बाबतीत हे कुठल्याही कंपनीत घडू शकतं. सहा महिन्यांचे तीन हजार, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. नोव्हेंबर २०२४ मध्ये जोडणी घेतली, मे महिन्यात नूतनीकरण केलं. पहिले सात महिने तक्रारीला जागा नव्हती. मग जूनपासून रोज संध्याकाळी इंटरनेट अडकायला लागलं. जुलैत मी हा अनुभव लिहायला घेतला तेव्हा शीर्षकच ‘एक तारा, तोही उपकार म्हणून’ असं होतं. ते आता बदललंय. का बदललं ते पुढे येईलच, पण आधी ओटीपीबद्दल बोलू द्या, कारण माझा सगळा राग तिथेच आहे.

तंत्रज्ञ येतो, ओएनटीवरचा, म्हणजे फायबर घरात जिथे येऊन जोडतं त्या डबीवरचा, हिरवा पॉन दिवा बघतो, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो, “सर, पंच्याण्णव येतंय” म्हणतो आणि लगेच, “ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.” हा ओटीपी म्हणजे तुमचं ‘काम झालं’ असं प्रमाणपत्र असतं. तो दिला की तक्रार बंद. मी तीनदा दिला. चौथ्यांदा दिला नाही, तर तक्रार ‘ग्राहक घरी उपलब्ध नाही’ म्हणून बंद झाली, आणि तो माणूस त्या वेळी माझ्या समोर चहा पीत होता! पाचवी तर कुणी न येताच बंद.

बंद करण्याची एवढी घाई का, हे मला उशिरा कळलं. बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर भाड्यात सूट द्यावी लागते, आणि जितके दिवस वाढतात तितकी ती वाढते. दुसऱ्या दिवशी तक्रार बंद केली, आठवड्यानं नवीन नोंदवायला लावली, की दिवसांची मोजणी पुन्हा शून्यापासून. कागदावर माझं इंटरनेट कधीच तीन दिवस बिघडलेलं नव्हतं.

बिघाड मात्र रोजचा होता. संध्याकाळी सातच्या सुमारास व्हिडिओ कॉल अडकायला लागायचे, आवाज तुटायचा, रात्री साडेअकराच्या पुढे आपोआप सगळं ठीक. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, “सर, संध्याकाळी वापर जास्त असतो ना.” मलाही ते पटलं होतं. बिल्डिंगमधल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या ग्राहकाला विचारलं, त्याचं रात्री झकास चालत होतं. मग पटेनासं झालं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी वरिष्ठ अधिकाऱ्याला, म्हणजे कंपनीच्या अपील प्राधिकरणाला, पत्र लिहिलं. चार पानं. त्यात ‘मनस्ताप’ हा शब्द अकरा वेळा होता. आमच्याच मजल्यावर दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले काका राहतात, त्यांना वाचायला दिलं. चष्मा वर सारून म्हणाले, “अरे, हे रडगाणं वाचून कोण काय करणार? मोजमाप कुठाय? प्रत्येक वाक्याला तारीख पाहिजे आणि प्रत्येक तारखेला आकडा.” राग आला, पण पत्र पाठवलं नाही.

आकडा म्हणजे काय, तेही त्यांनीच शिकवलं. वाय-फायवर काही मोजायचं नाही. लॅपटॉप वायरनं ओएनटीला जोडायचा, म्हणजे ‘तुमच्या वाय-फायचा दोष’ हे उत्तर संपतं. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून दोन पिंग, म्हणजे ‘ऐकू येतंय का’ अशा शंभर-शंभर हाका, एकाच वेळी चालवायचे, एक घरातल्याच ओएनटीला आणि एक बाहेर:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिल्यात शंभराला शंभर उत्तरं आली आणि दुसऱ्यात गळाली, तर तुमचा लॅपटॉप, वायर आणि ओएनटीपर्यंतचा रस्ता निर्दोष. गळती ओएनटीच्या पलीकडे. पण पलीकडे म्हणजे तुमच्या भिंतीबाहेर की मुंबईच्या सर्व्हरजवळ, हे पिंग सांगत नाही. त्यासाठी तिसरा आकडा लागतो, आणि तोच कंपनीला टाळता येत नाही. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून उघडणाऱ्या ओएनटीच्या पानावर, मागच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकून आत गेलं की माझ्याकडे `Optical Info` मध्ये `Rx Power` दिसतं. फायबरमधून तुमच्या घरात किती प्रकाश पोचतोय, त्याचं हे माप, डीबीएममध्ये, आणि ते उणे असतं. उणे २० उत्तम. घरातल्या साध्या ओएनटीला उणे २७ च्या आसपास पुढचं वाचता येईनासं होतं. तिथे दिवा लगेच लाल होत नाही. हिरवाच राहतो आणि पॅकेट गळायला लागतात. तंत्रज्ञ दिवा बघून फसत असावेत, असं मला तेव्हा वाटलं.

सतरा जुलैपासून मी दिवसातून दोनदा नोंद ठेवली. आणि दोन ऑगस्टला दीड पानाचं पत्र ईमेलनं गेलं. त्यातला महत्त्वाचा भाग असाच्या असा देतो:

“महोदय, हे अपील २६ जुलैच्या तक्रारीविरुद्ध आहे (डॉकेट क्रमांकाचे शेवटचे अंक ७७३०, २७ जुलैला भेट न देता बंद). त्याच बिघाडाच्या आधीच्या तक्रारी पार्श्वभूमी म्हणून जोडत आहे: २१ जून, ४४१२, २२ जूनला बंद, २८ जून, ५००९, ३० जूनला बंद, ९ जुलै, ५८६६, १० जुलैला बंद, १७ जुलै, ६६२१, १९ जुलैला ‘ग्राहक अनुपलब्ध’ म्हणून बंद. चारही भेटी सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात झाल्या.

१७ जुलै, दुपारी १: प्रकाश उणे २१.४, बाहेरच्या १०० पिंगपैकी ० गळाले. त्याच दिवशी रात्री ८.१०: उणे २८.३, बाहेरचे ३१ गळाले, ओएनटीचे ० गळाले. २० जुलै, दुपारी १: उणे २१.५, ०. रात्री ८.३०: उणे २८.६, ३८. पुढच्या तेरा दिवसांच्या नोंदी व स्क्रीनची छायाचित्रं सोबत आहेत.

मागण्या: मोजणी संध्याकाळी ७ ते ९ मध्ये, पॉवर मीटरनं व्हावी. डॉकेट त्या मोजणीपर्यंत उघडं राहावं. भाड्यातली सूट २१ जूनपासून सलग बिघाड धरून मोजावी.”

अपील फक्त शेवटच्या डॉकेटवर का, असं विचाराल. तक्रार निवारणाची मुदत संपल्यापासून तीस दिवसांत अपील करावं लागतं. २१ जूनच्या तक्रारीची ती अपिलाची मुदत माझ्या चार पानांच्या नाटकात उलटून गेली होती. तिच्यावर अपील केलं असतं तर ‘मुदतबाह्य’ एवढ्या एका शब्दात सगळं परत आलं असतं. अपिलाला फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. तेव्हा पोचपावतीचा क्रमांक आला नाही तर तो मागून घ्या. दिवस तिथपासून मोजायचे असतात.

आता मत का बदललं ते. अकरा ऑगस्टला फोन आला. मला वाटलं, तीच मुलगी, तोच ‘असुविधेबद्दल खेद’. पण बोलणारा इंजिनिअर होता आणि त्यानं माझे आकडे खरंच वाचले होते. म्हणाला, “सर, गर्दीमुळे स्पीड कमी होतो, प्रकाश कमी होत नाही. सात डीबी गेलेत म्हणजे पाचातला एकच भाग उरतोय. मला एवढंच सांगा, संध्याकाळी सात वाजता तुमच्या घरात काय बदलतं?”

मी म्हणालो, काही नाही. दिवे लागतात. टीव्ही लागतो. मागून बायको म्हणाली, “डास यायला लागले की मी खिडकी लावते.”

दोन्ही बाजूंना शांतता.

जोडणी देताना त्यांच्या माणसानं भिंतीला भोक पाडायचा कंटाळा केला आणि वायर सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीतून आत घेतली होती. सात महिने चाललं, कारण ती खिडकी कधी पूर्ण बसायचीच नाही, बोटभर फट राहायची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाचं पाणी आत येतं म्हणून मी स्वतः माणूस बोलावून तिचं रबर बदलून घेतलं. साडेसहाशे रुपये. त्यानंतर खिडकी छान घट्ट बसायला लागली, थेट फायबरवर. वायर चिमटली की आतली काचेची तार तीव्र वाकते आणि त्या वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. रात्री झोपताना बायको हवेसाठी पुन्हा फट ठेवायची, म्हणून साडेअकराला सगळं ठीक. आणि तंत्रज्ञ दुपारी यायचे, तेव्हा खिडकी सताड उघडी. त्यांना खरंच बिघाड दिसत नव्हता, हे मला आता मान्य करावं लागतं. एकाचा तर मी फारच अपमान केला होता.

तेरा ऑगस्टला संध्याकाळी सव्वासातला इंजिनिअर स्वतः आला, मीटर घेऊन. गच्चीवरच्या डब्यात उणे २०.६. घरात, खिडकी बंद, उणे २८.४. मधली वायर जेमतेम पन्नास मीटर. फायबरमध्ये अख्ख्या किलोमीटरला अर्धा डीबीसुद्धा जात नाही, म्हणजे पन्नास मीटरला पावणेआठ जाणं म्हणजे वाटेत कुणीतरी गळा धरलाय. खिडकी उघडली: उणे २१.५. काका मुद्दाम बघायला आले होते, त्यांनी फक्त “हं” केलं.

सूट किती, यावर अपिलात पुन्हा वाद झाला. कंपनीचं म्हणणं, रबर तुम्ही बदललंत. माझं म्हणणं, खिडकी लावण्यासाठीच असते, आणि वायर तिथून न्यायची कल्पना माझी नव्हती. तेविसाव्या दिवशी लेखी निकाल आला: नवी वायर भिंतीतून, मोफत, सूट १७ जुलैपासून, म्हणजे आकडे जिथून सुरू होतात तिथून, पंधरा दिवसांची, २५० रुपये. जूनचे दिवस गेले, कारण जूनचा माझ्याकडे एकही आकडा नव्हता, नुसता मनस्ताप होता.

तर आता तीन तारे. इंजिनिअरला पाच देतो, ओटीपीच्या पद्धतीला शून्य. नवी वायर टाकायला मुलगा दुपारी आला, खिडकीपासून चार बोटांवर भोक पाडलं, पांढऱ्या सिमेंटनं लिंपलं आणि म्हणाला, “काका, ओटीपी.” मी म्हटलं, बाळा, रात्री आठला फोन कर. आठ वाजता खिडकी घट्ट लावली, कडी घातली, `Rx Power` बघितलं: उणे २०.९. मग ओटीपी दिला.

अडीचशे रुपये बिलात जमा झालेत. त्यावरचा पंचेचाळीस रुपये जीएसटी झालेला नाही. त्याचं पत्र काकांकडे वाचायला दिलंय.