करिअर फेअरनंतर ईमेल करू की लिंक्डइनवर नोट टाकू?

स्टॉलवरच्या माणसाने दिवसभरात इतक्या जणांशी बोललेलं असतं की संध्याकाळी त्याला नावं आठवत नाहीत, पण एखादा प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर आठवू शकतं. म्हणून ईमेल असो वा लिंक्डइन, तो एक प्रसंग नोटमध्ये हवाच. कुठे तो नीट मांडता येतो, एवढंच ठरवायचं.

समजा तुम्ही पेमेंटचं प्रोजेक्ट दाखवलं आणि इंजिनिअरने विचारलं, नेटवर्क तुटून तीच रिक्वेस्ट परत आली तर पैसे दोनदा कापले जातील का? तुम्ही म्हणालात, बघून सांगतो.

ईमेलमध्ये हे अख्खं बसतं. सब्जेक्टमध्ये "करिअर फेअर: रिक्वेस्ट दोनदा आली तर?" आणि आत असं काहीतरी: "तुम्ही विचारल्यावर मी टेस्ट करून बघितलं, पैसे खरंच दोनदा कापले जात होते. आता प्रत्येक पेमेंटला वेगळी 'की' दिलीय, तीच 'की' परत आली तर नवीन पेमेंट न करता जुनंच उत्तर परत जातं." खाली ज्या जागेसाठी अप्लाय केलंय तिचा जॉब आयडी, सोबत रेझ्युमे, बस. ईमेलचा खरा फायदा म्हणजे तो इंजिनिअर दोन शब्द जोडून तसाच हायरिंग मॅनेजरला फॉरवर्ड करू शकतो. आणि त्यामुळेच जपायचं पण, स्टॉलवर कोणी मोकळेपणाने म्हणालं असेल की आमच्या टीममधून बरेच लोक सोडून चाललेत, तर ते चुकूनही लिहू नका, त्या माणसाची अडचण होते.

लिंक्डइनवर कनेक्ट रिक्वेस्टसोबतच्या नोटला फ्री अकाउंटवर साधारण 200 अक्षरांचीच जागा असते, त्यात स्पेसही मोजली जाते. तिथे फक्त "पेमेंट दोनदा कापलं जाईल का हे तुम्ही विचारलं होतंत, टेस्ट केलं, जात होतं, दुरुस्त केलं" एवढंच लिहा, बाकीचं रिक्वेस्ट स्वीकारल्यावर मेसेजमध्ये. मात्र चेहरा दिसतो, म्हणजे तुम्ही कोण ते पटकन लक्षात येतं, आणि संपर्क पुढेही राहतो.

माझं मत विचाराल तर, ईमेल आयडी मिळाला असेल तर ईमेलच, दुसऱ्या दिवसापर्यंत. फक्त नाव माहीत असेल तर लिंक्डइन. दोन्हीकडे एकाच दिवशी तोच मजकूर टाकू नका, मागे लागल्यासारखं वाटतं.

आणि "तुमच्या कंपनीच्या कल्चरबद्दल ऐकून छान वाटलं" हे वाक्य काढूनच टाका, तुमच्या मागे रांगेत उभा असलेला पण हेच पाठवू शकतो. स्टॉलवरून बाजूला झाल्या झाल्या समोरच्याचं नाव आणि त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत मोबाइलमध्ये टिपून ठेवा, कारण चार स्टॉल फिरल्यावर कोण काय बोललं याची सरमिसळ होते आणि एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या नावावर गेला की त्या ईमेलला उत्तर यायची शक्यता संपलीच.